इमारती बरोबर, एकर चुकलेला

नगररचनेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज करताना दीड-दोन पानांचं एक निवेदन लिहावं लागतं. मुलं त्याला एसओपी म्हणतात. हा विषय का शिकायचा आहे, आतापर्यंत काय केलंत, पुढे काय करणार, हे त्यात सांगायचं असतं. नगररचना शिकवत असल्यामुळे मी अशी बरीच निवेदनं वाचतो. स्थापत्य अभियंत्यांची निवेदनं बहुधा एकाच वाक्याने सुरू होतात: शहरीकरण झपाट्याने वाढत आहे आणि त्यामुळे घरांची व वाहतुकीची समस्या गंभीर झाली आहे. वाक्य खरं असतं, पण ते कोणत्याही गावाबद्दल कोणालाही लिहिता येतं. त्यामुळे लिहिणाऱ्याने स्वतः काय पाहिलं हे त्यातून कळत नाही.

चाकणहून आलेल्या एका तरुण अभियंत्याचा पहिला मसुदाही असाच होता. तो तिथेच वाढला, पदवीनंतर सहा वर्षं तिथेच लहान इमारतींचे आराखडे आणि बांधकामावर देखरेख करत राहिला. मसुद्यात गावाचं नाव एकदाच आलं होतं. मी त्याला विचारलं, "तू बांधलेली एखादी इमारत सांग, जी आठवली की अस्वस्थ वाटतं." तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सर, इमारत एकही चुकलेली नाही. लोखंड बरोबर, काँक्रीट बरोबर, पाया बरोबर. पण त्या गल्लीत गेलं की वाटतं, हे सगळं मिळून चुकलंय."

त्याचं निवेदन या वाक्यापासून सुरू व्हायला हवं होतं.

हे मिळून चुकणं कसं घडतं, ते समजायला चाकणच्या भूगोलाकडे बघावं लागतं. पुणे–नाशिक महामार्ग आणि तळेगाव–शिक्रापूर रस्ता इथे एकमेकांना छेदतात. कांदा-बटाट्याची बाजारपेठ जुनी, भुईकोट किल्ला त्याहून जुना. मग औद्योगिक वसाहत आली, वाहनांचे मोठे कारखाने आले, त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो छोटे कारखाने आले. २०११च्या जनगणनेत चाकणची लोकसंख्या ४१ हजारांच्या घरात होती, तरी तेव्हा तिथे नगरपरिषद नव्हती. कारभार ग्रामपंचायतीचा होता.

जनगणनेत अशा गावांसाठी वेगळा शब्द आहे: जनगणना शहर. लोकसंख्या किमान पाच हजार, काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान पंचाहत्तर टक्के शेतीबाहेरच्या कामात, आणि दर चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसं. या तीन कसोट्या लागल्या की मोजणीपुरतं ते शहर ठरतं, पण कायद्याच्या लेखी गावच राहतं. देशात २००१मध्ये अशी १,३६२ ठिकाणं होती, २०११मध्ये ती ३,८९४ झाली. या आकड्याचा एक अर्थ फार महत्त्वाचा आहे. लोक शहरासारखे राहू लागलेले असतात, पण रस्ते आखणारा, शाळा-मैदानासाठी जागा राखून ठेवणारा विकास आराखडा अजून झालेला नसतो. प्रादेशिक योजना असते, पण कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ती मोठमोठ्या पट्ट्यांत सांगते. गल्ल्या ती आखत नाही. पुढे नगरपरिषद येते, आराखड्याचं काम सुरू होतं. मधल्या वर्षांत जमीन विकली गेलेली असते.

ती कशी विकली जाते, हे त्या अभियंत्याने मला कागदावर काढून दाखवलं. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. चौकोनी धरला तर एकराची बाजू साधारण २०८ फूट. विकणारा छत्तीस गुंठे विकतो आणि चार गुंठे रस्त्याला सोडतो. चार गुंठ्यांत दहा फूट रुंदीच्या दोनच गल्ल्या निघतात, एकराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मंजूर रेखांकन असतं तर आतला रस्ता साधारण नऊ मीटरचा, म्हणजे जवळपास तीस फुटांचा ठेवावा लागला असता. मग विकायला कमी गुंठे उरले असते आणि गुंठ्याचा भाव वाढला असता. शेजारचा एकर दुसऱ्याचा. त्याच्या गल्ल्या वेगळ्या दिशेने निघतात आणि या गल्ल्यांना मिळत नाहीत.

घेणारा असा प्लॉट का घेतो? त्याला परवडणारी दुसरी जागाच नसते म्हणून. १९४७च्या तुकडेबंदी कायद्यामुळे असे छोटे तुकडे स्वतंत्रपणे नावावर करणं अवघड होतं, म्हणून सातबाऱ्यावर दहा-वीस नावं सामाईक चढत गेली. बिगरशेती परवाना नसतो, म्हणून बँकेचं गृहकर्ज सहजी मिळत नाही. साठवलेल्या पैशातून आणि उसनवारीवर घर उभं राहतं. कर्ज फेडायचं तर भाडं हवं, म्हणून एका गुंठ्यावर तीन मजले चढतात. मजल्याला सहा खोल्या, एका खोलीत कंपनीत कंत्राटी काम करणारी तीन मुलं. एका इमारतीत चौपन्न माणसं. छत्तीसपैकी निम्म्याच प्लॉटवर अशा इमारती धरल्या, तरी एका एकरात जवळजवळ हजार भाडेकरू आणि त्यांच्यासाठी दहा फुटांच्या दोन गल्ल्या. अग्निशमनाची गाडी आत कशीबशी शिरली तरी तिला वळता येत नाही. पाण्याचा टँकर तोंडाशीच उभा राहतो.

गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा महाराष्ट्रात २००१ साली आला, आणि पुढे त्याची मुदत वाढवून २०२०अखेरपर्यंतची बांधकामं त्यात घेतली गेली. घरावरची टांगती तलवार त्यामुळे जाते, ही मोठीच गोष्ट आहे. पण गल्ली मात्र दहा फुटांचीच राहते. कागद दुरुस्त होतो, जमिनीची आखणी दुरुस्त होत नाही.

आता वाहतूक. पहिल्या मसुद्यात घरं एका परिच्छेदात होती आणि वाहतूक दुसऱ्या, जणू ते दोन वेगळे आजार आहेत. मी त्याला सांगितलं, एका सकाळी चौकात उभा राहा आणि तासभर मोज. इथे अभियंत्याचं शिक्षण कामाला येतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शहरी रस्त्यांच्या क्षमतेविषयीच्या १९९०च्या मार्गदर्शिकेत प्रत्येक वाहनाला मोटारीच्या तुलनेत वजन दिलेलं आहे. मोटार म्हणजे एक. वाहतुकीत त्या प्रकारचा वाटा दहा टक्के किंवा जास्त असेल तर दुचाकी पाऊण, रिक्षा दोन, ट्रक किंवा बस ३.७.

पद्धत कळावी म्हणून गोल आकडे घेऊ. समजा तासाभरात दोन्ही दिशांनी मिळून ९०० दुचाकी, ३०० मोटारी, २०० रिक्षा आणि २०० ट्रक गेले. दुचाकींचे ६७५, मोटारींचे ३००, रिक्षांचे ४००, ट्रकचे ७४०. बेरीज २,११५. दोन पदरी, दुतर्फा मुख्य रस्त्याची क्षमता मार्गदर्शिकेनुसार तासाला १,५००. रस्ता का तुंबतो ते दिसलं. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे चौकात डोळ्यांना दुचाकींचा महापूर दिसतो, आणि जास्त रस्ता व्यापलेला असतो दोनशे ट्रकांनी.

यातले शंभर ट्रक त्या तासातून काढून दुसऱ्या वेळी सोडले आणि चारशे दुचाकीस्वार चाळीस आसनांच्या दहा बसमध्ये बसले, तर काय होईल? ५०० दुचाकींचे ३७५, मोटारींचे ३००, रिक्षांचे ४००, शंभर ट्रक आणि दहा बसचे मिळून ४०७. बेरीज १,४८२. रस्ता एक फूटही रुंद न करता हिशेब क्षमतेच्या आत आला.

कागदावर हे सोपं आहे, रस्त्यावर नाही. बस त्या दहा फुटांच्या गल्लीत जाऊ शकत नाही. गल्लीतून मुख्य रस्त्यावर चालत यायचं तर पदपथ नाही, बस थांबायला जागा राखलेली नाही. पाळी सुटते रात्री अकराला, तेव्हा परत कसं यायचं? म्हणून मुलगा पगारातून हप्ता भरून दुचाकी घेतो. त्याच्या खोलीचा पत्ताच त्याला दुचाकीवर बसवतो. घर आणि वाहतूक हा एकच प्रश्न आहे, हे त्या अभियंत्याला चौकातल्या मोजणीनंतर पटलं, आणि दुसऱ्या मसुद्यात ते दोन परिच्छेद आपोआप एक झाले.

उड्डाणपुलाचा मोह त्यालाही होता, आणि तो मी समजू शकतो. पूल बांधता येतो, दिसतो, त्याचं उद्घाटन होतं. काही चौकांत तो लागतोही, विशेषतः लांबच्या पल्ल्याची वाहतूक गावातून जात असेल तर. पण अँथनी डाउन्स या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९६२मध्येच दाखवून दिलं होतं की गर्दीच्या वेळचा रस्ता मोठा केला की दुसऱ्या वेळी, दुसऱ्या वाटेने किंवा दुसऱ्या साधनाने जाणारे लोक त्यावर येतात आणि तो पुन्हा भरतो. रस्ता किती रुंद हवा, हा अभियंत्याचा प्रश्न. एवढी माणसं सकाळी आठला इथूनच का जातात, हा नियोजनकाराचा. पहिला प्रश्न सोडून दुसऱ्याकडे वळण्याचं कारण सांगता आलं, की निवेदनाचं निम्मं काम झालं असं मी मानतो.

उरलेलं निम्मं म्हणजे काय शिकायचं ते नेमकं सांगणं. या मुलाच्या मसुद्यात आधी शाश्वत विकास आणि स्मार्ट शहरं होती. आता तिथे एकच गोष्ट आली: नगररचना योजना, टीपी स्कीम. आपल्याकडे तिचा कायदा १९१५ सालचा, मुंबई प्रांतातला. आज महाराष्ट्रात ती १९६६च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली करता येते. तिच्यात वेड्यावाकड्या शेतांचे तुकडे एकत्र घेतात, रस्ते, मैदानं, शाळा आखतात आणि प्रत्येकाला त्याच्या हिश्शाचा सरळ, रस्त्याला लागलेला भूखंड परत देतात. भूखंड लहान होतो, पण त्याची किंमत वाढते, आणि मालक गावातच राहतो. गुजरातने हे साधन सातत्याने वापरलं. तिथे चाळीस टक्क्यांपर्यंत जमीन सार्वजनिक कामासाठी काढता येते.

"पण सर, माझ्या गल्लीत हे चालणार नाही ना?" त्याने विचारलं. नाही चालणार. जिथे हजार माणसं राहताहेत तिथे तुकडे पुन्हा मांडता येत नाहीत. तिथे एखादी गल्ली रुंद करणं, दोन बंद टोकं जोडणं, मलवाहिनी टाकणं, एवढंच हाती राहतं, आणि त्यासाठी घरोघरी बोलावं लागतं. हे त्याने लिहिलं, कमीपणा न मानता. आपली मोजणी एका चौकाची, एका सकाळची आहे, पावसाळ्यातली किंवा बाजाराच्या दिवसातली नाही, हेही लिहिलं. निवडणाऱ्यांना अशी वाक्यं फार बोलकी वाटतात. मलाही वाटतात. ज्याने खरंच मोजलंय त्यालाच आपल्या मोजणीची हद्द माहीत असते.

शेवटच्या मसुद्यात त्याने चौकाचा नकाशा हाताने काढून जोडला. महामार्गाच्या कडेला अजून कांदा लावला जातो असे काही एकर त्याने हिरव्या पेन्सिलीने रंगवले होते. खाली लिहिलं होतं: यांतल्या दोन एकरांत चुन्याच्या रेषा पडल्या आहेत, बाकीचे अजून मोकळे आहेत.