मनगटावर मराठी आकड्यांची तबकडी

गोल पडद्यावर १ ते १२ असे आपले आकडे, तीन काटे आणि खाली तारखेची छोटी खिडकी. वेअर ओएसवर चालणाऱ्या घड्याळासाठी, म्हणजे सॅमसंगच्या गॅलक्सी वॉच ४ किंवा त्यानंतरच्या घड्याळांसाठी, अशी तबकडी घरी बसून करता येते. अ‍ॅपल वॉचवाल्यांनी इथेच थांबावं; त्यांच्या घड्याळात बाहेरून तबकडी घालायची सोयच नाही.

लागतं ते सॅमसंगचं वॉच फेस स्टुडिओ. विंडोज आणि मॅकवर चालतं, फुकट आहे आणि प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही. नवा प्रोजेक्ट उघडला की ४५० बाय ४५० पिक्सेलचा गोल फलक समोर येतो.

आकडे मात्र मी आधी इंकस्केपमध्ये मांडतो. तेही फुकटच. दोन आकड्यांमध्ये ३० अंशांचं अंतर असतं. मध्यबिंदू (२२५, २२५) आणि त्रिज्या १८० धरली, तर १ चा मध्य (३१५, ६९) वर येतो आणि २ चा (३८१, १३५) वर. हा आकड्याचा मध्य आहे, डावा कोपरा नाही. कोपरा धरला की सगळे आकडे उजवीकडे आणि खाली सरकतात, आणि तबकडी का तिरकी दिसते ते लवकर लक्षात येत नाही. टाइप जाड घ्या. मुंबईच्या एक टाइप या गटाचे मुक्त परवान्याचे मुक्ता किंवा बलू छान बसतात. बारीक टाइपात १ आणि ९ हातभर अंतरावरून सारखे वाटतात. शिवाय ४० मिमीच्या गॅलक्सी वॉच ४ चा पडदा ३९६ पिक्सेलचाच आहे. तिथे हेच चित्र आक्रसतं आणि केसासारख्या रेघा पुसट होतात.

काट्यांचं चित्र काट्याएवढं कापू नका. ४५० बाय ४५० च्या पारदर्शक चौकोनात, बाराकडे तोंड केलेला काटा मध्यापासून काढा आणि तो अख्खा चौकोन पीएनजी म्हणून जतन करा. म्हणजे फिरण्याचा बिंदू आपोआप मधोमध येतो. काटा भोवऱ्यासारखा भरकटत फिरताना दिसला, तर हा बिंदू चुकलाय असं समजावं.

तारखेला थोडी युक्ती लागते. मजकुराच्या घटकात `[DAY]` लिहिलं की आजची तारीख उमटते, पण घड्याळाची भाषा इंग्रजी असेल तर आकडेही इंग्रजी. इथे बिटमॅप फॉन्ट कामी येतो. शून्य ते नऊ या प्रत्येक अंकाच्या जागी तुमचं चित्र द्यायचं, ० ते ९ अशी दहा. दहाही चित्रांची उंची सारखी ठेवा, नाहीतर २३ मधला ३ खाली लोंबेल.

मनगट खाली गेल्यावरचा मंद पडदा ही वेगळीच तबकडी समजा. ओलेडमध्ये काळा पिक्सेल पेटतच नाही, म्हणून इथे जेवढं काळं तेवढी बॅटरी वाचते. या अवस्थेत किती पिक्सेल पेटलेत ते स्टुडिओ टक्क्यांत दाखवतो. ते १५ च्या आत ठेवा. रंगीत पार्श्वभूमी काढा, आकडे पोकळ करा. पडदा मिनिटातून एकदाच बदलतो, त्यामुळे सेकंदकाटाही लपवायचा. ठेवलात तर तो एका जागी खिळून राहील.

आता घड्याळात घालणं. बहुतेकांची शक्ती इथेच खर्च होते. Publish मध्ये जाऊन सहीची फाइल, म्हणजे कीस्टोर, बनवा. मग एपीके मिळते. घड्याळाच्या सेटिंगमध्ये सॉफ्टवेअरच्या माहितीत Software version वर लागोपाठ टिचक्या मारल्या की डेव्हलपर पर्याय उघडतात. तिथे ADB debugging आणि Wireless debugging चालू करा. संगणकावर एडीबी हवं आणि दोन्ही उपकरणं एकाच वायफायवर हवीत.

```
adb pair 192.168.1.7:37123
adb connect 192.168.1.7:41205
adb install dial.apk
```

पत्ते नमुन्याचे आहेत. तुमचे घड्याळावर दिसतील. नीट पाहा, जोडणीच्या कोडखालचा पोर्ट वेगळा आणि मागच्या पानावरचा वेगळा. पहिला `pair` साठी, दुसरा `connect` साठी. दोन्हींत एकच टाकला की काहीच जुळत नाही. पोर्ट बरोबर असूनही घड्याळ सापडत नसेल तर फोनचं ब्लूटूथ बंद करून बघा, कारण फोन जवळ असला की घड्याळ बॅटरी वाचवायला वायफाय सोडून देतं.

Success आलं की जुन्या तबकडीवर बोट दाबून धरा आणि शेवटपर्यंत सरकवून नवी जोडा. मग डीबगिंग बंद करा, ते उगाच बॅटरी खातं. कीस्टोर आणि त्याचा पासवर्ड मात्र जपा. रंग बदलून पुढच्या आठवड्यात तीच तबकडी वेगळ्या सहीने घालायला गेलात, तर `INSTALL_FAILED_UPDATE_INCOMPATIBLE` म्हणून घड्याळ ती परत करेल, आणि जुनी काढून टाकल्याशिवाय नवी बसणार नाही.