मेशच्या दोन नोडमधली केबल

मोठ्या घरात एका राउटरचे वाय-फाय सगळ्या खोल्यांत पोहोचत नाही, तेव्हा दुसरे यंत्र बसवावे लागते. ते दोन तऱ्हांनी जोडता येते. एका पद्धतीत राउटरपासून इथरनेट केबल ओढून तिच्या टोकाला ॲक्सेस पॉइंट लावतात. इंटरनेट त्या खोलीपर्यंत केबलने येते आणि तिथून फोनपर्यंत तेवढे हवेतून जाते. दुसरी पद्धत मेशची. तिच्यात यंत्रांना, म्हणजे नोडना, फक्त विजेचा प्लग लागतो. दुसरा नोड पहिल्याशी रेडिओलहरींनीच बोलतो आणि मिळालेली माहिती पुन्हा रेडिओलहरींनीच फोनला देतो. दोन यंत्रांमधल्या या दुव्याला बॅकहॉल म्हणतात. वरच्या मजल्यावरच्या फोनला खरोखर किती वेग मिळेल, हे बहुतेक वेळा याच दुव्यावर ठरते.

याचे मूळ वाय-फायच्या स्वभावात आहे. एका चॅनेलवर एका वेळी एकाच यंत्राने बोलायचे, हा वाय-फायचा पाया आहे. बोलण्याआधी प्रत्येक यंत्र हवा मोकळी आहे का ते ऐकते, थोडा अनियमित काळ थांबते, मग पॅकेट पाठवते आणि समोरून पोच येण्याची वाट पाहते. पोच आली नाही तर तेच पॅकेट पुन्हा पाठवते. अरुंद पुलावर आळीपाळीने दोन्ही बाजूंची वाहने सोडावीत, तसा हा कारभार असतो. त्यामुळे डब्यावर छापलेला वेग प्रत्यक्षात कधीच मिळत नाही. दोन अँटेनांच्या वाय-फाय 6 फोनला 80 मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर 1201 एमबीपीएसचा दुवा मिळाला, तरी त्यातला बराचसा वेळ ऐकणे, थांबणे आणि पोच देणे यांत जातो. उरलेल्या वेळातच फाइल उतरते. म्हणून वाय-फायमध्ये आकड्यांपेक्षा हवेतला वेळ मोजावा. खरी टंचाई त्याचीच असते.

एक घर डोळ्यांसमोर आणू. दुमजली बंगला, खाली हॉलमध्ये 300 एमबीपीएसच्या फायबर जोडणीचा राउटर, वर बेडरूममध्ये मेशचा दुसरा नोड आणि दोघांच्या मध्ये आरसीसीचा स्लॅब. दोन्ही यंत्रे 5 गिगाहर्ट्झच्या एकाच चॅनेलवर आहेत. स्लॅबमधून जाताना लहर क्षीण होते, म्हणून राउटर ते नोड या दुव्याचा प्रत्यक्ष वेग 240 एमबीपीएस धरू. फोन नोडच्याच खोलीत आहे, मध्ये भिंत नाही, म्हणून नोड ते फोन हा वेग 480 धरू. आता 240 मेगाबिटची फाइल फोनवर उतरवायची आहे. राउटरकडून नोडकडे यायला तिला 1 सेकंद लागतो. नोडकडून फोनकडे जायला अर्धा सेकंद. चॅनेल एकच असल्यामुळे ही दोन कामे एकाच वेळी होऊ शकत नाहीत. एकूण दीड सेकंद लागला, म्हणजे फोनला मिळालेला वेग 160 एमबीपीएस. जोडणी 300 ची, दोन्ही टप्पे 240 किंवा त्याहून वेगवान, तरी हाती 160 च आले. तीच फाइल हवेतून दोनदा गेली, एवढेच त्याचे कारण.

त्याच्यापुढे, गच्चीच्या खोलीसाठी, आणखी एक नोड तितक्याच जाड अडथळ्यापलीकडे ठेवला, तर अजून एक सेकंद वाढतो. अडीच सेकंदांत 240 मेगाबिट, म्हणजे 96 एमबीपीएस. रेंज कमी पडते म्हणून नोडांची माळ लावत जाणारी घरे हळूहळू इथेच येऊन पोहोचतात.

नुकसान वरच्याच माणसाचे होते असेही नाही. वर कुणी 25 एमबीपीएस खाणारा 4K चित्रपट पाहत असेल, तर प्रत्येक सेकंदाचा सुमारे दहावा हिस्सा खालून वर नेण्यात आणि विसावा हिस्सा नोडकडून टीव्हीला देण्यात जातो. हॉलमध्ये राउटरशेजारी बसलेल्याची हवाही तीच असल्याने त्याच्या वाट्यातून तेवढा वेळ कमी होतो. शिवाय प्रत्येक टप्प्यावर पॅकेटला आपल्या पाळीची वाट पाहावी लागते आणि ही वाट कधी दोन मिलिसेकंदांची असते, कधी चाळीसची. चित्रपट आधीच थोडा साठवून ठेवलेला असतो, त्यामुळे तो अडत नाही. व्हिडिओ कॉलमध्ये मात्र आवाज तुटतो.

घरातल्या लोकांना हे सहसा उमगत नाही, कारण फोन पूर्ण दांड्या दाखवत असतो. त्या दांड्या फोन आणि जवळचा नोड यांच्यातल्या सिग्नलच्या असतात. नोड आणि राउटर यांच्यात काय चालले आहे, हे फोनला माहीतच नसते. म्हणून वाय-फाय जिथे येत नाही नेमक्या त्याच कोपऱ्यात नोड ठेवण्याची चूक सर्रास होते. दांड्या भरतात, पण बॅकहॉल मरणासन्न होतो आणि वेग हलत नाही. हवेतल्या दुव्यावर चालणारा नोड राउटर आणि तो कोपरा यांच्या मध्ये, शक्यतो जिन्याच्या मोकळ्या जागेत ठेवावा.

आता त्याच बंगल्यात राउटरपासून बेडरूमपर्यंत केबल ओढली, असे समजू. साध्या कॅट 5ई केबलवर गिगाबिट इथरनेट 100 मीटरपर्यंत चालते आणि दोन्ही दिशांना एकाच वेळी चालते. पाठवणारा घेणाऱ्यासाठी थांबत नाही. केबलमध्ये तिसरे कुणी बोलत नाही, स्लॅबचा संबंध येत नाही आणि फाइल उतरवताना प्रत्यक्ष सुमारे 940 एमबीपीएस मिळतात. मुख्य म्हणजे खालून वर नेण्याचा तो एक सेकंद हवेतून नाहीसाच होतो. हवेत उरतो फक्त नोड ते फोन हा 480 एमबीपीएसचा टप्पा. तो जोडणीपेक्षा मोठा असल्याने फोनला पूर्ण 300 मिळतात. फोन तोच, नोडही त्याच जागी, पण वेग जवळजवळ दुप्पट होतो.

आणखी एक फायदा आहे, आणि तो क्वचितच सांगितला जातो. हवेतून बोलायचे असेल तर दोन्ही यंत्रांना एकच चॅनेल धरावे लागते. केबल आली की ही सक्ती संपते. खालचे यंत्र चॅनेल 36 वर आणि वरचे 149 वर ठेवता येते. मग हॉलमधला आणि बेडरूममधला फोन एकाच क्षणी, एकमेकांची वाट न पाहता बोलू शकतात. घराची हवा एकाची दोन झाल्यासारखे होते. काही मेश संच मात्र सगळ्या नोडना एकाच चॅनेलवर ठेवतात आणि चॅनेल बदलायची सोय देत नाहीत. तिथे हा दुसरा फायदा मिळत नाही, पहिला मिळतो.

केबल शक्यच नसेल तर तीन रेडिओंचे मेश संच मिळतात. त्यांतला एक रेडिओ केवळ बॅकहॉलसाठी राखलेला असतो, त्यामुळे खालून वर आणि वरून फोनकडे ही कामे वेगवेगळ्या चॅनेलवर एकाच वेळी होतात. आपल्या उदाहरणात वेग 160 वरून 240 पर्यंत जाईल. त्यापुढे नाही, कारण स्लॅबमधून जाणारा दुवाच 240 चा आहे. राखीव रेडिओने दुहेरी फेरी वाचते, पण स्लॅब तिथेच राहतो.

केबल घालूनही वेग वाढला नाही, अशा तक्रारी येतात आणि त्यांचे कारण बहुतेक वेळा केबलच्या टोकाशी सापडते. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात. 100 एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात. क्लिप नीट दाबली गेली नाही आणि एक तार सुटली, तर दुवा तुटत नाही, गुपचूप 100 वर उतरतो. प्रत्यक्ष वेग मग 94 च्या आसपास अडकतो. म्हणजे आधीच्या हवेतल्या 160 पेक्षाही कमी. स्वस्त मेश संचांचे पोर्टच 100 एमबीपीएसचे असतात, तिथेही हेच होते. विकत घेताना पोर्ट गिगाबिट आहे का, हे आधी पाहावे. केबल शुद्ध तांब्याची घ्यावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त पडते, पण तिचा रोध जास्त असतो आणि तार वाकवताना लवकर तुटते. विजेच्या वायरच्या पाइपमधून ती कधीच नेऊ नये. स्वतंत्र पाइप किंवा भिंतीवरून केसिंग पट्टी हाच सुरक्षित मार्ग.

जुना राउटर वरच्या मजल्यावर ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरायचा असेल, तर त्याच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड निवडावा लागतो. तसे न करता केबल त्याच्या WAN पोर्टात घातली, तर तो घरात स्वतःचे दुसरे जाळे उभे करतो. इंटरनेट चालते, पण वरचा लॅपटॉप खालच्या प्रिंटरला सापडत नाही.

बॅकहॉल नेमका किती देतो, हे मोजणे अवघड नाही. नोडच्या ॲपमध्ये तो Wired आहे की Wireless, हे दिसते. पण आकडा हवा असेल तर दोन लॅपटॉप आणि iperf3 हा मोफत प्रोग्राम घ्यावा. पहिला लॅपटॉप केबलने मुख्य राउटरला जोडून त्यावर पहिली ओळ चालवावी. दुसऱ्यावर, वरच्या मजल्यावर, दुसरी. मधला पत्ता पहिल्या लॅपटॉपचा.

```
iperf3 -s
iperf3 -c 192.168.1.10 -R -t 20
```

दुसरा लॅपटॉप आधी छोट्या केबलने वरच्या नोडला जोडून मोजावे. हा झाला निव्वळ बॅकहॉल. मग केबल काढून त्याच खोलीत वाय-फायवर मोजावे. बंगल्याच्या उदाहरणात पहिला आकडा 240 आणि दुसरा 160 येईल. केबलने 240 आणि वाय-फायने 160 हा फरक म्हणजे दुहेरी फेरीची खूण. पहिला आकडा 94 च्या आसपास स्थिर असेल, तर पोर्ट किंवा क्लिप तपासावी. आणि पहिला 940 पण दुसरा कमी असेल, तर दोष बॅकहॉलचा नाही. तिथे नोडची जागा, चॅनेलवरची शेजाऱ्यांची गर्दी किंवा फोनच पाहावा लागतो.

केबलला मर्यादा आहेत. जोडणीचा मूळ वेग ती वाढवत नाही, आणि जिन्यावरून चढताना फोनने एका नोडवरून दुसऱ्यावर कधी जायचे, हे ठरवणे बहुतांशी फोनच्याच हाती राहते. घरची जोडणी 100 एमबीपीएसची असेल, तर हवेतून मिळणारे 160 तिला पुरतात आणि केवळ वेगासाठी भिंत फोडायची गरज नाही. जोडणी 200 च्या वर असेल, घरातून रोज व्हिडिओ कॉल होत असतील किंवा मध्ये स्लॅब असेल, तर तिसरा नोड विकत घेण्याआधी वायरमनला बोलावून एक केबल ओढून घ्यावी. घर बांधत असाल तर प्रत्येक मजल्यावर केबलसाठी एक रिकामा पाइप आत्ताच टाकून ठेवा.