स्लॅब कुठे थांबवायचा?

मोठा स्लॅब एका दिवसात भरून होणार नसेल, तर काम कुठे थांबवायचे हे सेंटरिंग लागण्याआधीच ठरलेले हवे. साइटवर बहुतेकांचे उत्तर एकच असते: बीमवर. खाली आधार आहे, म्हणजे जागा भक्कम. हा समज चुकीचा आहे.

समजा, मंगल कार्यालयाचा स्लॅब 30 मीटर लांब, 14 मीटर रुंद आणि 150 मिलिमीटर जाड आहे. दर 5 मीटरवर आडवे बीम, म्हणजे सहा गाळे. बीम सोडूनच 63 घनमीटर काँक्रीट लागते. साध्या मिक्सरवर एवढे काम दिवसात उरकत नाही. तिसऱ्या गाळ्यात बाथरूम आहेत आणि ओल जोडातूनच आधी झिरपते, म्हणून जोड चौथ्या गाळ्यात, 15 आणि 20 मीटरवरच्या बीमच्या मधोमध, 17.5 मीटरवर घ्यायचा. गाळ्याच्या लांबीला जाणारे बीमही त्याच रेषेवर थांबवायचे.

मध्येच का? स्लॅबवरचा भार दोन्ही बाजूंच्या बीमकडे जातो. त्यामुळे बीमपाशी स्लॅबला कातरू पाहणारा जोर सर्वांत जास्त असतो, आणि सारख्या पसरलेल्या भारात गाळ्याच्या मध्यावर तो जवळजवळ शून्य होतो. मध्यापासून थोडे इकडेतिकडे झाले तरी चालते: मधल्या एक तृतीयांशाच्या कडेलाही हा जोर बीमपाशी असतो त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच राहतो. शिवाय बीमवर स्लॅबचा वरचा भाग ताणला जातो, म्हणून तिथला जोड वरूनच उघडतो. मध्यावर वाक जास्त असतो हे खरे. पण तिथे वरचे काँक्रीट दाबले जाते आणि खालचा ताण सळ्या घेतात. त्या जोडातून न तुटता पुढे गेलेल्या असल्या की झाले. नेमक्या त्याच जागी मुख्य बीमवर दुसरा बीम टेकत असेल, तर मात्र हे गणित बदलते. मग जोडाची रेषा इंजिनीअरनेच हलवावी.

जोडाची कड सरळ उभी हवी. सळ्यांसाठी खाचा पाडलेली फळी लावून तिथपर्यंत व्हायब्रेटर चालवायचा. उतरत्या कडेला काँक्रीट पातळ होत जाते आणि पुढे ती कडच सुटते. दुसऱ्या दिवशी कडेवरचा सिमेंटचा दुधी, भुसभुशीत थर तारेच्या ब्रशने खरवडून खडी दिसू द्यायची, धूळ धुवायची आणि साचलेले पाणी पुसून काढायचे. एवढे न करता सिमेंटची स्लरी ओतून जोड पक्का होत नाही.

एक गोष्ट घाईत हमखास सुटते. जोडापाशी थांबलेला अर्धा गाळा स्वतःचे वजन पेलू शकत नाही. म्हणून चौथ्या गाळ्याखालचे टेकू पहिल्या दिवसाच्या तारखेवर नव्हे, दुसरा भाग भरल्याच्या तारखेवर मोजून काढायचे.

आणि मध्येच पाऊस आला किंवा मिक्सर बंद पडला तर? त्यासाठी दुसऱ्या गाळ्याच्या मध्यावरही, 7.5 मीटरवर, एक रेषा आधीच आखून तिथली फळी तयार ठेवावी.