अक्षरांचा परवाना

बीड जिल्ह्यातील एखादी शाळा प्रश्नपत्रिका संगणकावर तयार करते, तेव्हा पडद्यावरची मराठी अक्षरे एका फाँटमधून येतात. फाँट हेही सॉफ्टवेअरच आहे. त्यात अक्षरांच्या रेखाकृती असतात आणि ‘क’ व ‘ष’ जोडले की ‘क्ष’ दिसावा, असे नियमही असतात. या रेखाकृती आणि नियम दुरुस्त करता येतील अशा मूळ स्वरूपात, वापरण्याच्या, बदलण्याच्या व वाटण्याच्या हक्कांसह दिले, तर त्या सॉफ्टवेअरला मुक्त स्रोत म्हणतात. नुसते फुकट मिळालेले सॉफ्टवेअर मुक्त स्रोत असेलच असे नाही.

आपण ‘लोहित देवनागरी’ या फाँटचे उदाहरण घेऊ. रेड हॅट कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांनी त्यावर बरेच काम केले. २०११ पासून तो ‘ओपन फाँट लायसन्स’ या परवान्याखाली दिला जातो. या परवान्याने काय साधते?

समजा, अंबाजोगाईच्या एका शाळेने तो सर्व संगणकांवर घातला आणि त्यात स्मरणिका छापून विकली. यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही, पैसेही द्यावे लागत नाहीत. स्मरणिकेतील मजकुरावर फाँटचा परवाना लागू होत नाही; तो मजकूर लेखकांचाच राहतो.

आता समजा, बीडच्या एका छापखान्याला ‘ल’ आणि ‘श’ वेगळ्या वळणाचे हवे आहेत. त्याने फाँट बदलून घेतला आणि स्वतःपुरता वापरला, तर तो कोणाला देण्याचे बंधन नाही. पण इतरांना द्यायचा झाल्यास तो त्याच परवान्याखाली द्यावा लागतो आणि मूळ कर्त्यांची हक्कसूचना सोबत ठेवावी लागते. कर्त्यांनी फाँटचे नाव राखून ठेवले असेल, तर बदललेल्या फाँटला दुसरे नाव द्यावे लागते. नाहीतर छापखान्याची चूक मूळ कर्त्यांच्या माथी बसेल.

एखादी कंपनी हा फाँट आपल्या सॉफ्टवेअरसोबत विकू शकते. नुसता फाँट मात्र विकता येत नाही.

मुक्त स्रोताचे सर्व परवाने असेच नसतात. लिनक्सच्या गाभ्याला ‘जीपीएल’ हा परवाना आहे. त्याखालचे सॉफ्टवेअर किंमत लावून विकता येते. पण ज्याला ते दिले, त्याला मूळ आज्ञावलीही मिळाली पाहिजे. ओपन फाँट लायसन्समध्ये मूळ स्वरूप देण्याची अशी सक्ती नाही.

म्हणून फाँट उतरवून घेतल्यावर त्याच्या फोल्डरमध्ये `OFL.txt` किंवा `LICENSE` नावाची फाइल आहे का, हे पाहावे व ती वाचावी. तिथे ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असे लिहिलेले असेल, तर तो फाँट फुकट असला तरी मुक्त नाही. त्यात स्मरणिका छापून विकता येणार नाही. या परवान्यांत हमीही नसते. एखादे जोडाक्षर फुटले, तर भरपाई मागता येत नाही. ते दुरुस्त करण्याचा हक्क मात्र आपल्याकडे असतो.