यश आपल्या नावावर जमाच होत नाही तेव्हा

अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या आटोपल्या, कॅम्पसमधून निवडलेली मुलं कंपन्यांत रुजू झाली आणि दरवर्षीप्रमाणे 'इम्पोस्टर सिंड्रोम'ची चर्चा सुरू झाली. नव्या जागी थोडं बिचकलं की मुलं हे नाव लावून मोकळी होतात. घरचे म्हणतात, 'काही नाही हो, पोर नम्र आहे, पाय जमिनीवर आहेत तिचे.' ही दोन्ही निदानं घाईची आहेत. त्यातही घरच्यांचं अधिक नुकसान करतं, कारण त्यात त्रासालाच गुण म्हणून शाबासकी मिळते.

पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली यावर पहिला शोधनिबंध लिहिला. दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांबरोबरच्या कामातून तो उभा राहिला होता. पदव्या, गुण, सहकाऱ्यांची मान्यता असं सगळं गाठीशी असूनही 'आपण सगळ्यांना फसवतोय' ही भावना त्यांना सोडत नव्हती. काही विद्यार्थिनींना तर प्रवेश समितीच्या चुकीमुळेच आपल्याला जागा मिळाली, असं वाटत होतं. ही भावना टिकते कशी, ते क्लान्स यांनी पुढे एका चक्राच्या रूपात मांडलं. माझ्या मते या विषयातलं सर्वात मोलाचं ते हेच.

समजा, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली लातूरची एक मुलगी पुण्यात संगणक अभियांत्रिकीला आली आहे. सोमवारी 'सी'च्या प्रॅक्टिकलची तोंडी परीक्षा आहे. 'आता माझं पितळ उघडं पडणार' या धास्तीने ती रात्री तीनपर्यंत जागते, चालणारा प्रोग्राम पुन्हा पुन्हा चालवून पाहते, विचारले जातील असे सगळे प्रश्न उत्तरांसकट लिहून काढते. सर म्हणतात, 'छान.' संध्याकाळपुरतं हायसं वाटतं. मग हिशेब सुरू होतो: 'मी एवढं घासलं म्हणून जमलं, बाकीच्यांना तासाभरात येतं.' तिने भीतीपोटी अभ्यास टाळला असता आणि ऐनवेळी केला असता, तर म्हणाली असती, 'नशीब, सोपं विचारलं.' वाट कुठलीही असो, यश कष्टाच्या किंवा नशिबाच्या खात्यात जातं, तिच्या कुवतीच्या खात्यात कधीच पडत नाही. म्हणून पुढच्या परीक्षेला ती पुन्हा शून्यापासून घाबरते.

त्याच बाकावरची नम्र मुलगी वेगळं बोलते. 'ॲरे मला येतात, पॉइंटर अजून गोंधळात टाकतात,' असं म्हणून ती लॅबमध्ये हात वर करते. तिला आपलं उणं नेमकं कुठे आहे हे ठाऊक असतं आणि ते सांगताना लाज वाटत नाही. कौतुक झालं तर म्हणते, 'लूप मी लिहिला, चूक मैत्रिणीने शोधून दिली.' जून टँगनी या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली नम्रतेची लक्षणं मांडली, त्यात स्वतःच्या क्षमतेचा अचूक अंदाज हे एक ठळक लक्षण आहे. पहिल्या मुलीचा अंदाज चुकलेला आहे, फक्त तो खालच्या बाजूला चुकला आहे. शिवाय पितळ उघडं पडेल म्हणून ती शंका विचारत नाही, त्यामुळे पॉइंटर खरोखरच कच्चे राहतात.

ओळखायचं कसं? साधं नवखेपण कामाचा सराव झाला की ओसरतं. 'आपण फसवतोय' ही भावना मात्र यशाने कमी होत नाही, बढती मिळाली की उलट वाढूही शकते. क्लान्स यांची वीस विधानांची प्रश्नावली आहे, पण तिचे गुण म्हणजे आजाराचं निदान नव्हे. २०२० साली ६२ अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तेव्हा हे अनुभवणाऱ्यांचं प्रमाण कुठे ९ टक्के, तर कुठे ८२ टक्के निघालं. मोजपट्टी आणि रेषा कुठे आखली यावर आकडा एवढा हलत असेल, तर 'दहातल्या सात जणांना हे असतंच' अशा ठोक विधानांवर विश्वास ठेवू नये.

आणि एक गोष्ट मला सर्वात जास्त टोचते. वर्गात लातूरच्या त्या मुलीच्या इंग्रजीला हसत असतील, तर 'मी इथली नाही' ही भावना तिच्या डोक्यातून आलेली नाही, ती तिला वर्गाने दिलेली आहे. रुचिका तुलश्यान आणि जोडी-ॲन ब्युरी यांनी २०२१ साली नोकरीतल्या स्त्रियांबद्दल हेच ठणकावून सांगितलं: बायकांना दुरुस्त करण्याआधी कामाची जागा तपासा.

क्लान्स आणि आइम्स यांचा भर गटात बोलण्यावर होता. समोरची हुशार बाई तेच म्हणताना ऐकलं की स्वतःच्या हिशेबातली चूक दिसू लागते. म्हणून शिक्षकांना आणि टीम लीडना एक विनंती आहे. पहिल्या महिन्यात नवख्यांना एकत्र बसवा, तुम्हाला सुरुवातीला काय येत नव्हतं ते सांगा आणि नुसतं 'छान' म्हणून थांबू नका. 'मेमरी मोकळी करायला तू विसरली नाहीस, ते बरोबर केलंस' असं नेमकं काय जमलं, ते बोलून दाखवा.