हिरव्या खुणेमागची तारीख

फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याचे डोळे किती दिवसांनी तपासायचे? अनेक राज्यांच्या कारखाना नियमांत याचं उत्तर आहे. क्रेन किंवा फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याची दृष्टी आणि रंग ओळखण्याची क्षमता वर्षातून किमान एकदा तपासायची, आणि वयाची ४५ वर्षं उलटली की दर सहा महिन्यांनी. नियम दोन ओळींचा आहे. तो ईआरपीच्या मनुष्यबळ विभागात बसवताना मात्र बरीच फसगत होते.

कारखान्यात माणसांगणिक असे कितीतरी कागद असतात: प्रथमोपचाराचा दाखला, वैद्यकीय तपासणी, क्रेन चालवण्याचं प्रशिक्षण. पूर्वी त्यांची एक्सेल शीट एचआरच्या एखाद्या जुन्या कारकुनाकडे असे आणि तो सुट्टीवर गेला की तारखाही त्याच्याबरोबर जात. ईआरपीत रचना वेगळी असते. कोणता दाखला लागतो हे पदाशी जोडलेलं असतं आणि कोणता दाखला आहे हे माणसाशी. दोन्हींची तुलना करून काय कमी आहे, काय संपत आलंय, हे सिस्टीम सांगते. पॅकिंगमधला माणूस गोदामात फोर्कलिफ्टवर गेला की त्याच्या नावापुढे नवी मागणी आपोआप उभी राहते. अट एकच, बदली सिस्टीममध्येही झालेली हवी. सुपरवायझरने तोंडी सांगून माणूस हलवला, तर सिस्टीमच्या लेखी तो अजून पॅकिंगमध्येच असतो.

आता नजरेच्या तपासणीकडे येऊ. समजा, एका चालकाचा जन्म १० सप्टेंबर १९८०चा. त्याचे डोळे ३ मार्च २०२५ला तपासले. तेव्हा तो ४४ वर्षांचा, म्हणून मुदत एक वर्ष. सिस्टीममध्ये या दाखल्याची मुदत सरसकट १२ महिने टाकलेली आहे, बहुतेक ठिकाणी असंच असतं. २ मार्च २०२६ला पुढची तपासणी झाली. सिस्टीमने पुन्हा १२ महिने मोजले आणि यादीत १ मार्च २०२७पर्यंत हिरवी खूण दाखवली. पण आता तो ४५ ओलांडून गेलाय. त्याची मुदत सप्टेंबर २०२६च्या सुरुवातीलाच संपते. पुढचे सहा महिने तो विनातपासणी गाडी चालवेल आणि एकही रिपोर्ट ओरडणार नाही, कारण सिस्टीमने तिला सांगितलेलं काम बिनचूक केलंय.

यावर दोन उपाय आहेत. एकाच दाखल्याचे दोन प्रकार करायचे, ४५च्या आतला आणि पुढचा, आणि वाढदिवसाच्या हिशोबाने माणूस एकातून दुसऱ्यात टाकायचा. नाहीतर सगळ्यांनाच सहा महिने लावायचे. मला दुसरा पटतो. तपासण्या थोड्या वाढतात, पण वाढदिवसांवर डोळा ठेवायचं काम वाचतं.

आठवणीचंही असंच. सॅपमध्ये कर्मचाऱ्याच्या नोंदीत 0019 हा इन्फोटाइप कामांच्या आठवणीसाठी असतो. त्यात मुदतीची तारीख आणि आठवण द्यायची तारीख वेगळ्या टाकता येतात. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ, शिफ्ट, बदली चालक, हे सगळं जुळवायला महिनाभर तरी लागतो. आठवण आठ दिवस आधी ठेवली तर ती फक्त उशीर झाल्याचं कळवते. शिवाय काम पूर्ण झाल्याची खूण कधी करायची, यावर गोंधळ असतो. चालकाला नोटीस दिली की कारकून खूण करून मोकळा होतो. विचारलं तर म्हणतो, ‘‘साहेब, आपलं काम झालं, आता त्याने जायचं.’’ ती खूण दाखला हातात आल्यावरच व्हायला हवी.

सर्वांत महागात पडणारी चूक साधी दिसते. नवा दाखला आला की PA30मध्ये जुनी नोंद Change करून तारखा बदलायच्या. स्क्रीनवर सगळं ठीक दिसतं, पण जुनी नोंद पुसली जाते. अपघात झाला तर निरीक्षक आजची स्थिती विचारत नाही. त्या दिवशी, त्या शिफ्टला या माणसाकडे चालू दाखला होता का, हे तो विचारतो. म्हणून Copy करून नवी नोंद करायची आणि जुनी तिच्या तारखांसह तशीच राहू द्यायची. तारीखही तपासणीची टाकायची, डेटा भरल्याची नव्हे. पंधरवड्याने नोंद झाली, तर मुदत पंधरा दिवस फुकट वाढते.

एवढं सगळं नीट केलं तरी एक गट बाहेर राहतो. कंत्राटदाराची माणसं बऱ्याच कारखान्यांत पगारपत्रकावर नसतात, त्यामुळे मनुष्यबळ विभागातही नसतात. फोर्कलिफ्ट मात्र अनेकदा तीच चालवतात. काही कारखान्यांनी त्यांच्या दाखल्याची तारीख गेटपासला जोडली आहे. मुदत संपली की पास चालत नाही आणि सकाळच्या पाळीला गेटवरच कंत्राटदाराला फोन लागतो.