रांग मधोमध तोडा, मग बाकं भरा

सहामाहीच्या आदल्या दिवशी बैठक व्यवस्था लावणाऱ्या शिक्षकांची गाडी बहुतेक वेळा शेवटच्या दोन वर्गांत अडते. समजा, आठवीचे 80, नववीचे 60 आणि दहावीचे 40 विद्यार्थी आहेत. एका खोलीत 15 बाकं, बाकावर दोघे, अशा 6 खोल्यांत 180 जागा नेमक्या पुरतात. आठवी-नववीच्या जोड्या लावत गेलं की पहिल्या 4 खोल्या झरझर भरतात. मग उरतात आठवीचे 20 आणि दहावीचे 40. त्यांच्याही 20 जोड्या लागतात, पण शेवटच्या 10 बाकांवर दहावीच्या शेजारी दहावीच येते. जागा पुरेशा असूनही ही वेळ येते, कारण नववीची मुलं आधीच संपवून टाकलेली असतात.

यावर एक सोपा उपाय आहे. आधी आठवी, मग नववी, मग दहावी अशी सगळ्यांची एकच यादी करायची आणि ती बरोबर मध्यावर तोडायची. पहिले 90 जण बाकाच्या डावीकडे, पुढचे 90 उजवीकडे. म्हणजे पहिल्याच्या शेजारी 91वा, दुसऱ्याच्या शेजारी 92वा. कोणत्याही इयत्तेत 90 पेक्षा जास्त मुलं नसल्यामुळे एकाच इयत्तेचे दोघे एका बाकावर येऊच शकत नाहीत. मांडून पाहिलं तर 50 बाकांवर आठवी-नववी, 30 वर आठवी-दहावी आणि 10 वर नववी-दहावी बसते.

आता पुढच्या-मागच्याचं बघू. डावीकडे सलग आठवीच आली तर मागचा मुलगा वाकून पुढच्याची उत्तरपत्रिका वाचणार. म्हणून दुसऱ्या आणि चौथ्या ओळीतल्या बाकांवर डावं-उजवं उलटं करायचं. इथे एक चूक हमखास होते. ओळ न बघता बाकाच्या क्रमांकावरून, एक आड एक, उलटापालट केली जाते. एका रांगेत 5 बाकं असतील तर पहिलं बाक सरळ राहतं आणि त्याच्या शेजारच्या रांगेतलं सहावं उलटं होतं. मग मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना नववीच येते. तिरक्या दिशेला मात्र या रचनेतही एकच इयत्ता येते, तिथे पर्यवेक्षकांचंच लक्ष हवं.

खोल्या बदलण्याचं काम यादी तोडण्याआधी करायचं. प्रत्येक इयत्तेतले हजेरी क्रमांक चिठ्ठ्या टाकून किंवा संगणकावर पिसायचे, म्हणजे वर्गातले रोजचे शेजारी आपोआप पांगतात. त्याची किंमतही मोजावी लागते. पेपर संपल्यावर सहा खोल्यांतले गठ्ठे पुन्हा क्रमाने लावत बसावं लागतं. माझ्या मते तेवढी मेहनत घ्यावी.

मोजताना इयत्तेपेक्षा प्रश्नपत्रिका बघावी. अ आणि ब तुकडीला एकच पेपर असेल तर त्या दोन्ही एकाच गटात धरायच्या. आणि एका पेपरचे 100 जण निघाले तर 90 बाकांवर कोणतीही युक्ती चालत नाही, जास्तीच्या 10 बाकांसाठी सातवी खोली उघडावीच लागते.